‘नाही’ म्हणायला पत्त्यांना जागाच ठेवली नाही तर

*“दीड वर्ष सोबत होतो. फेब्रुवारीत तो ‘थोडा वेळ हवाय’ म्हणाला आणि त्यानंतर बोलणं बंद. मी आठ महिने टॅरो शिकतेय, रायडर-वेटचा संच आहे. आता जवळपास रोज रात्री पाच पत्त्यांची लव्ह स्प्रेड लावते, प्रश्न एकच: तो परत कधी येईल? मागच्या रविवारी आले ते असे. मी: टू ऑफ स्वोर्ड्स. तो: एट ऑफ कप्स. आमच्यात: सिक्स ऑफ कप्स. अडथळा: फोर ऑफ स्वोर्ड्स. पुढे: द स्टार. मला तर स्पष्ट दिसतंय, तो जुनं सगळं सोडून माझ्याकडे येतोय, थोडी विश्रांती घेतोय इतकंच. माझी मैत्रीणही पत्ते वाचते. ती म्हणाली, ‘बाई, तो चाललाय.’ मी स्वतःला फसवतेय का? स्वतःसाठी वाचणं सोडूनच द्यावं का?”*
*– एक वाचक, नाशिक*

सोडू नका, पण रोज रात्रीची मांडणी आजपासून बंद करा. फसवणुकीचं म्हणाल, तर पाचही पत्ते तुम्ही सारखे वाकवलेले नाहीत. एक चांगलाच वाकवलाय, तीन थोडे कललेत, एकाबद्दल तुम्ही काही बोललाच नाहीत. मैत्रिणीचंही सगळं बरोबर नाही. आधी रविवारचे पत्तेच पाहू, कारण आपली इच्छा नेमकी कुठून आत शिरते ते एकेका पत्त्यावर बोट ठेवल्याशिवाय कळत नाही.

एट ऑफ कप्स समोर ठेवा आणि अर्थ विसरून नुसतं चित्र बघा. रात्र आहे, वर चंद्र. पुढे आठ पेले नीट रचलेले, खाली पाच, वर तीन, आणि वरच्या ओळीत मध्ये एक मोकळी जागा. लाल झगा घातलेला माणूस हातात काठी घेऊन डोंगराकडे चालला आहे. आपल्याला त्याची पाठ दिसते. तो कुठे पोचणार ते चित्रात नाही. चित्रात आहे ते एवढंच, की तो पेल्यांपासून दूर चालला आहे. ‘तो माझ्याकडे येतोय’ इथपर्यंत पोचण्यासाठी तुम्हाला दोन गोष्टी पदरच्या घालाव्या लागल्या: पेले म्हणजे त्याचं जुनं आयुष्य, आणि डोंगरापलीकडे उभ्या आहात तुम्ही. दोन्ही पत्त्यावर नाहीत. प्रेमाच्या मांडणीत, ‘तो’च्या जागी, रचून ठेवलेले पेले हे तुमचं नातं मानणं हा सरळ अर्थ झाला. दुसरा अर्थ काढता येतो, पण त्याला आधार लागतो, आणि तो आधार शेजारच्या पत्त्यातून यायला हवा. मनातून नव्हे.

हे पटत नसेल तर एक चाचणी एकटीने करता येते. तेच पाच पत्ते, त्याच जागा, फक्त विषय बदला. समजा कोणा अनोळखी बाईचा नोकरीचा प्रश्न आहे. ‘मी’ म्हणजे ती, ‘तो’ म्हणजे कंपनी, ‘आमच्यात’ म्हणजे तिचं आणि कंपनीचं नातं. आता कंपनीच्या जागी एट ऑफ कप्स आलाय. कंपनी सगळं मागे टाकून हिच्याकडे धावत येतेय, असं तुम्ही म्हणाल का? तुम्ही सांगाल की कंपनी अंग काढून घेतेय, दुसरीकडे बघायला लागा. विषय बदलल्यावर पत्त्याचा अर्थ पालटला, तर पहिला अर्थ पत्त्याचा नव्हताच. या चाचणीला पाच मिनिटं लागतात आणि स्वतःसाठी वाचताना ती दर वेळी करावी.

सिक्स ऑफ कप्सची गोष्ट वेगळी. तिथे तुम्ही एकट्या चुकला नाहीत. जुनं प्रेम परतून येणार म्हणजे सिक्स ऑफ कप्स, हे समीकरण यूट्यूबवरच्या ‘नो कॉन्टॅक्ट’ व्हिडिओंनी इतकं घोटलंय की ते मूळ अर्थासारखं वाटू लागलंय. चित्रात जुन्या घराच्या अंगणात एक मुलगा लहान मुलीला फुलांनी भरलेला पेला देतोय आणि मागे एक पहारेकरी पाठ फिरवून निघालाय. हा संच १९०९ साली निघाला, चित्रं पामेला कोलमन स्मिथची, कल्पना आर्थर वेटची. वेटने स्वतः या पत्त्याचा सुलटा अर्थ भूतकाळ, आठवणी, मागे वळून पाहणं असा दिलाय. पुढे घडणारं, नव्याने सुरू होणारं हे त्याने उलट्या पत्त्यासाठी ठेवलं. वेटचंच खरं मानलं पाहिजे असं नाही, अर्थ बदलत आलेत. पण तुमच्या मांडणीत हा पत्ता ‘आमच्यात’ या जागी आहे आणि ती जागा आत्ताची आहे. आत्ता तुम्हा दोघांत काय आहे? आठवणी. हे वाचन कडू नाही आणि गोडही नाही. आठवणी चांगल्या होत्या, एवढंच फार तर त्यातून निघतं.

फोर ऑफ स्वोर्ड्समध्ये थडग्यावर हात जोडून आडवा झालेला सरदार आहे, भिंतीवर तीन तलवारी, खाली एक. विश्रांती, एकांत, माघार हे अर्थ बरोबरच आहेत. घसरण झाली ती जागेत. पत्ता ‘अडथळा’ या घरात पडला आणि तुम्ही तो ‘त्याची आत्ताची अवस्था’ म्हणून वाचलात. अडथळ्याचं घर आपोआप प्रतीक्षागृह झालं. अडथळा म्हणून वाचलं तर ही शांतता, हे न बोलणं, हाच अडथळा आहे. पण अडथळा कोणाचा, त्याचा की तुमचा, हे तुम्ही आधी ठरवलेलं नव्हतं. त्यामुळे पत्ता ज्याच्या अंगावर टाकायला सोयीचा वाटला त्याच्यावर टाकला गेला. लव्ह स्प्रेडमध्ये इच्छा सगळ्यांत जास्त वेळा याच फटीतून घुसते, कारण माणसं दोन असतात आणि अवघड पत्ता नकळत दुसऱ्याकडे सरकवता येतो.

‘पुढे’ला आलेला द स्टार तुमचा आवडता पत्ता दिसतोय. मोठा एक तारा, सात लहान, आणि पाण्याकाठी गुडघा टेकलेली बाई. दोन घडे, एकातलं पाणी तळ्यात, दुसऱ्यातलं जमिनीवर. चित्रात दुसरं कोणीही नाही, लांब झाडावर एक पक्षी आहे तेवढाच. आशा, सावरणं, जखम भरणं हे सगळं त्यात आहे. दुसरा माणूस नाही. आशेचा पत्ता आला म्हणजे ज्याची आशा आहे ते घडणार, ही उडी फार सहज मारली जाते.

आता पहिला पत्ता. डोळ्यांवर पट्टी, छातीवर दोन तलवारींची फुली, पाठीमागे समुद्र आणि चंद्रकोर. तो ‘मी’च्या जागी आला आणि पत्रात तुम्ही त्याचं फक्त नाव लिहिलंत. स्वतःचं वाचन तपासताना कोणता पत्ता कसा वाचला याच्याइतकंच कोणता पत्ता न वाचता पुढे गेलो हे शोधा. वाचन लिहून झाल्यावर प्रत्येक पत्त्याला किती शब्द गेले ते मोजा. चार पत्त्यांना तीस-तीस शब्द आणि एकाला शून्य असतील, तर परत त्या शून्याकडे जा.

मैत्रिणीचं म्हणाल तर ‘तो चाललाय’ हे एट ऑफ कप्सचं वाचन म्हणून बरोबर आहे. संपूर्ण मांडणीचं म्हणून अपुरं आहे. तिला त्याचा राग असणार, आणि राग, धास्ती यांनीही पत्ता वाकतो, फक्त उलट्या बाजूला. पाचही पत्ते घरात ठेवून वाचले तर एवढं निघतं: तो दूर गेलेला दिसतो, दोघांत आत्ता आठवणी आहेत, न बोलणं हा अडथळा आहे, तुम्ही डोळ्यांवर पट्टी ठेवून निर्णय धरून बसल्या आहात, आणि पुढे सावरण्याला जागा आहे. तो येईल असं यात नाही. येणार नाही असंही नाही.

तो भाग या मांडणीत येऊच शकत नव्हता, कारण तुमचा प्रश्न ‘कधी येईल’ असा होता. ‘येईल का’चं उत्तर तुम्ही स्वतःच देऊन टाकलं होतं, पत्त्यांकडे फक्त तारीख मागितली. अशा प्रश्नावर पडझडीचा पत्ता द टॉवर आला तरी ‘धक्का बसेल आणि मग येईल’ असंच वाचलं जातं. कोकणात देवाला कौल लावतात तेव्हा गुरव गाऱ्हाणं घालतो, मूर्तीवर कळ्या किंवा पानं चिकटवलेली असतात, आणि उजवी पडली तर काय, डावी पडली तर काय हे कळी पडायच्या आधी ठरलेलं असतं. पडल्यावर कोणी डाव्याला उजवं म्हणत नाही. देव मानणं न मानणं बाजूला ठेवा, पद्धत म्हणून ती चोख आहे. टॅरोत ७८ पत्ते आणि प्रत्येकाला दहा अर्थ, त्यामुळे ही शिस्त आपल्यालाच आणावी लागते. नाहीतर मनी वसे ते पत्त्यांत दिसे.

रोज मांडण्यात काय बिघडतं ते आकड्यांत पाहा. समजा तुमच्या मनात सहा पत्ते ‘तो येणार’चे आहेत: टू ऑफ कप्स, सिक्स ऑफ कप्स, एस ऑफ कप्स, टेन ऑफ कप्स, नाइट ऑफ कप्स आणि द लव्हर्स. नीट पिसलेल्या ७८ मधून पाच काढले तर या सहांपैकी निदान एक येण्याची शक्यता साधारण ३४ टक्के, म्हणजे तीनदा मांडलं तर एकदा. सलग तीन रात्री मांडलं तर कधीतरी एकदा तरी यायची शक्यता ७१ टक्के होते, चार रात्रींत ८१. आणि मनात राहते ती आलेली रात्र. बाकीच्या रात्री ‘आज मन एकाग्र नव्हतं’ म्हणून पुसल्या जातात. ‘सारखे कप्सच येतात’ याचंही तसंच. १४ कप्स आहेत, पाच पत्त्यांत निदान एक कप येण्याची शक्यता ६४ टक्के आहे. तो निरोप नाही, संचाची रचना आहे. नीट कळलं नाही म्हणून वर काढलेला सहावा पत्ता, ज्याला क्लॅरिफायर म्हणतात, तो लव्ह स्प्रेडमध्ये जवळजवळ नेहमी न आवडलेल्या पत्त्यावरच काढला जातो. टू ऑफ कप्स आल्यावर कोणी क्लॅरिफायर काढत नाही. म्हणून तो तुमच्यासाठी सध्या वर्ज्य.

पुढची मांडणी कराल तेव्हा पत्ते हातात घेण्याआधी एक चिठ्ठी लिहा. पेनने, खाडाखोड न करता. तुमच्या बाबतीत ती अशी असू शकते:

> प्रश्न: पुढच्या सहा आठवड्यांत मी स्वतःहून त्याच्याशी बोलावं का?
> जागा: १. मी आत्ता कशी आहे. २. त्याच्या वागण्यात मला प्रत्यक्ष दिसलेलं. ३. आज दोघांत काय आहे. ४. माझ्या बाजूचा अडथळा. ५. बोलले तर माझं काय होईल.
> ‘हो’चे सहा पत्ते: … ‘नाही’चे सहा पत्ते: …
> उलटे पत्ते: धरणार नाही, सगळे सुलटे करून वाचणार.
> आजची इच्छा, दहापैकी: …

दुसऱ्या जागेचं नाव मुद्दाम बदललंय. ‘तो काय विचार करतोय’ हे घर लव्ह स्प्रेडमधलं सगळ्यांत बेभरवशाचं. त्याच्या मनात डोकावायला पत्त्यांकडे खिडकी नाही, तिथे दिसतं ते तुमच्या मनातलं त्याचं चित्र. आणि ‘तो गोंधळलेला आहे, प्रेम आहे पण घाबरतोय’ हे वाक्य कोणत्याही पुरुषाबद्दल, कोणत्याही आठवड्यात, खरंच वाटतं. १९४८ साली बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञाने आपल्या विद्यार्थ्यांना स्वभाववर्णनं दिली. प्रत्येकाला वाटलं आपलं वेगळं आहे, प्रत्यक्षात सगळ्यांना एकच मजकूर होता, आणि त्यांनी त्याला अचूकतेसाठी पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. लव्ह रीडिंगमधली बरीच वाक्यं त्याच जातीची असतात.

‘नाही’चे सहा पत्ते लिहिताना हात अडेल. तेवढ्यासाठीच ती ओळ आहे. कोणता पत्ता आला तर तुम्ही ‘नको’ मानाल? एट ऑफ कप्स, थ्री ऑफ स्वोर्ड्स, फाइव्ह ऑफ कप्स, टेन ऑफ स्वोर्ड्स, द डेव्हिल, द हर्मिट, असे काही. निवड तुमची, पण सहाच्या सहा लिहा. लिहवत नसतील तर मांडणी करू नका, कारण मग तुम्ही विचारत नाही आहात. उरलेले ६६ पत्ते हो-नाहीच्या बाबतीत मुके धरायचे. बाराही पत्ते बाहेर राहण्याची शक्यता ४२ टक्के आहे, म्हणजे दहातल्या चार वेळा पत्ते या प्रश्नावर काहीच बोलणार नाहीत. तसं झालं तर वहीत ‘काही नाही’ लिहून संच डब्यात ठेवायचा. नवशिक्यांना हे सगळ्यांत जड जातं. दोन्ही बाजूचे आले, तरीही ‘काही नाही’च लिहा, तोलून मापून एकाला वजन देऊ नका.

यादीत द लव्हर्स टाकाल तेव्हा एक लक्षात असू द्या. जुन्या मार्सेय संचात या पत्त्यावर दोन बायकांच्या मध्ये उभा तरुण आहे आणि वरून बाण रोखलेला मदन, त्यामुळे त्याचा अर्थ निवड असा केला जातो. आदम, हव्वा आणि वर देवदूत हे वेट-स्मिथचं चित्र. त्याच मार्सेय संचात एट ऑफ कप्सवर नुसते आठ पेले असतात, चालणारा माणूस नाहीच. तुमच्या संचात प्रत्येक पत्त्यावर देखावा आहे, म्हणून शिकायला सोपा आणि म्हणूनच हवी ती गोष्ट रचायलाही सोपा.

मांडणीच्या आदल्या संध्याकाळपासून त्याचं इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲपचं ‘लास्ट सीन’, सामाईक मित्रांकडची चौकशी, सगळं बंद. डीपी बदललेला बघून पत्ते काढले की पत्ते डीपीबद्दलच बोलतात.

पाचही पत्ते एकदम उघडा आणि लगेच फोटो काढा. मग फोनवर आवाज रेकॉर्ड करत प्रत्येक चित्राची दोन वाक्यं बोला, नाव आणि अर्थ न घेता: ‘एक माणूस पेल्यांकडे पाठ करून डोंगराकडे चाललाय. रात्र आहे.’ पाच पत्त्यांची दहा वाक्यं. त्यानंतरच चिठ्ठीवरची जागा मोठ्याने वाचायची आणि वाक्य त्या जागेत बसवायचं. अर्थांचं पुस्तक सगळ्यांत शेवटी, आणि तेही एकच. तीन संकेतस्थळं उघडलीत तर तिसऱ्यावर हवा तो अर्थ सापडतोच. बोलताना ‘म्हणजे खरं तर’, ‘पण याचा अर्थ असाही होतो की’ अशी वाक्यं तोंडून आली तर तिथे थांबा. रेकॉर्डिंग दुसऱ्या दिवशी ऐकाल तेव्हा वळण कुठे घेतलंत ते आवाजातच कळेल, तिथे बोलण्याचा वेग वाढलेला असतो.

शेवटी एकच वाक्य वहीत लिहा, तपासता येईल असं आणि तारखेसकट. ‘लवकरच चांगलं होईल’ चालणार नाही. ‘मी मेसेज केला तर आठ दिवसांत त्याचं उत्तर येईल’ हे चालेल. पुढे तीन रकाने: इच्छा किती होती, मुदत कधीची, झालं काय. अशा दहा नोंदी झाल्या की इच्छा आठच्या वर असलेली वाचनं एकीकडे आणि पाचच्या खालची दुसरीकडे लावून किती बरोबर आली ते मोजा. दहा नोंदींनी काही सिद्ध होत नाही, पण तुमची इच्छा कोणत्या पत्त्यांवर बसते ते दिसायला पुरतात. आठच्या वर आकडा असेल त्या दिवशी स्वतःसाठी वाचू नका. दुसऱ्याला द्या, पण मैत्रिणीला नको, तिला सगळं माहीत आहे. ज्याला काहीच ठाऊक नाही अशा वाचणाऱ्याला फोटो आणि जागांची नावं पाठवा आणि ‘तो’च्या ऐवजी ‘दुसरी व्यक्ती’ लिहा. प्रेमाचा मामला आहे हेही सांगू नका.

तोच प्रश्न परत कधी विचारायचा? सहा आठवडे नाही. अपवाद एकच, बाहेर खरोखर काही घडलं तर: त्याचा फोन आला, भेट झाली, तुम्ही मेसेज केलात. स्वप्न पडलं, ११:११ दिसलं, हे त्यात मोजू नका.

रविवारचा फोटो असेल तर वहीत चिकटवा, नसेल तर पाच नावं लिहा. खाली तुमचं वाचन एका वाक्यात, मैत्रिणीचं एका वाक्यात, आणि सहा आठवड्यांनंतरची तारीख. ‘थोडा वेळ’ म्हणजे किती, हे मात्र पत्त्यांना विचारायचं नाही. ते त्यानेच सांगितलं पाहिजे, आणि तुमच्याकडे त्याचा नंबर आहे.